तीन शहरांत विखुरलेल्या टीमसाठी स्प्रिंट रिव्ह्यू आणि रेट्रोची वेळ कशी ठरवावी

नागपुरातल्या अनेक सॉफ्टवेअर टीममध्ये या दोन बैठकींची वेळ ठरवण्याची पद्धत ठरलेली असते. कुणीतरी ग्रुपवर 'शुक्रवारी संध्याकाळी साडेसात चालेल का' असे विचारते, चार जण अंगठा दाखवतात आणि कॅलेंडरवर दर दोन आठवड्यांची नोंद पडते. ही नोंद साधारणपणे ऑक्टोबरअखेरपर्यंत तग धरते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील सहकाऱ्याला तीच बैठक पहाटे सहाला येऊ लागते, तो एक-दोनदा गैरहजर राहतो, मग वेळ पुढे ढकलली जाते आणि नागपुरातील मंडळी रात्री साडेनऊला कॅमेरा बंद करून बसू लागतात. चूक अंगठा दाखवणाऱ्यांची नसते. माहिती गोळा करण्याआधीच वेळ विचारली गेली, ही खरी चूक असते.

पुढील सर्व टप्पे समजण्यासाठी एक नमुना टीम धरू. नागपुरात पाच जण आहेत, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर. बर्लिनमध्ये दोघे आहेत, एक डिझायनर आणि स्क्रम मास्टर. सॅन फ्रान्सिस्कोत प्रॉडक्ट ओनर आणि एक डेव्हलपर असून बहुतेक स्टेकहोल्डरही तिथलेच आहेत. स्प्रिंट दोन आठवड्यांचा आहे. आपली शहरे वेगळी असतील, तर आकडे बदलतील. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये.

## टप्पा १ : वेळ विचारू नका, प्रत्येकाचा दिवस विचारा

सर्वप्रथम प्रत्येक व्यक्तीकडून, शहराकडून नव्हे, तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. नेहमीचे कामाचे तास कोणते, गरज पडल्यास पंधरवड्यातून एक-दोनदा कोणते तास देता येतील, आणि कोणते तास कोणत्याही परिस्थितीत देता येणार नाहीत. यांना अनुक्रमे हिरवे, पिवळे आणि लाल तास म्हणू. ही माहिती प्रत्येकाने स्क्रम मास्टरला स्वतंत्रपणे कळवावी. सगळ्यांसमोर विचारले, की नवीन लागलेला डेव्हलपर 'मला कधीही चालेल' असे लिहितो आणि ते उत्तर कशाच्याही उपयोगाचे नसते.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे : त्या वेळी आपण ऑफिसात असाल, घरी असाल, की रस्त्यात? मिहानमधून साडेसहाला निघालेला माणूस वर्धा रोडची गर्दी पार करून शहराच्या उत्तर भागात साडेसातच्या बैठकीला वेळेवर बसेलच, असे धरून चालता येत नाही. त्यामुळे साडेसातची बैठक ही त्याच्यासाठी एका तासाची नसते. एकतर त्याला साडेपाचला निघून घरून जोडावे लागते, नाहीतर साडेआठपर्यंत ऑफिसात थांबून मग घरी जायचे असते. यांपैकी काय करायचे हे ज्याने त्याने ठरवावे, परंतु लवकर निघण्याची मुभा व्यवस्थापकाने आधीच लेखी दिलेली असावी.

लाल तासांची एक सीमा कायद्यानेही आखलेली आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देण्यासाठी त्यांची संमती आणि सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था आवश्यक असते. म्हणून साडेनऊला संपणारी बैठक 'थोडी लांबली तर लांबली' या भरवशावर ठेवू नये. आणि खरे सांगायचे तर ही मर्यादा संपूर्ण टीमलाच लावून घेणे शहाणपणाचे ठरते.

तपासणी : नऊही जणांची उत्तरे आली आहेत का? एकाचे जरी राहिले असेल, तर पुढे जाऊ नये. राहिलेले उत्तर बहुधा सर्वांत अडचणीचे असते.

## टप्पा २ : सर्व तास यूटीसीत आणा, आणि तेही दोनदा

आता सर्व तास एकाच पट्टीवर मांडायचे आहेत. इथे नागपूरची वेळ आधार म्हणून धरण्याचा मोह होतो, कारण ती वर्षभर हलत नाही. पण मग इतर दोघांचे गणित डोक्यात उलटसुलट करावे लागते आणि अर्ध्या तासाची चूक हमखास होते. यूटीसी धरावे. नागपूर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते. बर्लिन हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे असते. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास आणि उन्हाळ्यात सात तास मागे असते.

नमुना टीमचे पिवळे तास धरून ज्या सीमा महत्त्वाच्या ठरतात, त्या अशा : नागपूर रात्री ९ पर्यंत, बर्लिन संध्याकाळी ८ पर्यंत आणि सॅन फ्रान्सिस्को सकाळी ७ पासून. या तीन सीमांमधून निघणारी सामाईक वेळ अशी येते.

| | यूटीसी | नागपूर | बर्लिन | सॅन फ्रान्सिस्को |
|---|---|---|---|---|
| उन्हाळा | १४:००–१५:३० | १९:३०–२१:०० | १६:००–१७:३० | ०७:००–०८:३० |
| हिवाळा | १५:००–१५:३० | २०:३०–२१:०० | १६:००–१६:३० | ०७:००–०७:३० |

उन्हाळ्यात दीड तास मिळतो आणि हिवाळ्यात त्यातला फक्त अर्धा तास उरतो. या एका निष्कर्षावर पुढचे सगळे नियोजन उभे राहणार आहे. मे महिन्यात वेळ ठरवणाऱ्या टीमला ही खिडकी प्रशस्त वाटते, कारण तिने फक्त वरची ओळ पाहिलेली असते.

या दोन ओळींच्या मध्ये काही अवघड आठवडेही असतात. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. म्हणजे २०२६ मध्ये २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या आठवड्यात बर्लिन हिवाळी वेळेवर आणि सॅन फ्रान्सिस्को उन्हाळी वेळेवर असेल, तर २०२७ मध्ये १४ ते २८ मार्च या काळात सॅन फ्रान्सिस्को उन्हाळी वेळेवर गेलेले असेल आणि बर्लिन अजून मागेच असेल. सुदैवाने आपल्या नमुना टीममध्ये बर्लिन मध्यभागी असल्याने या काळात त्यांची बैठक चारऐवजी तीनला सुरू होते, इतकाच फरक पडतो. ज्या टीमची खिडकी युरोपच्या कडेवर अडलेली असते, तिला मात्र हा फरक चांगलाच जाणवतो.

सावधान : निरोपात `PST`, `IST` अशी संक्षिप्त रूपे वापरू नयेत. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत `PST` नसतेच, तरी लोक वर्षभर तसेच लिहितात; आणि `IST` हे रूप भारताखेरीज आयर्लंड व इस्रायलच्या वेळेसाठीही चालते. 'मंगळवार, नागपूर १९:३० / सॅन फ्रान्सिस्को ०७:००' असे शहराच्या नावानिशी लिहावे.

## टप्पा ३ : दोन्ही बैठका वेगळ्या करा, मग वार ठरवा

एकाच ठिकाणी बसणारी टीम रिव्ह्यू संपवून चहा घेते आणि रेट्रोला बसते. तीच सवय विखुरलेल्या टीमने उचलली, की दोन-अडीच तासांचा सलग ठोकळा शोधण्याची वेळ येते, आणि तेवढा ठोकळा वरच्या तक्त्यात कुठेच नाही. स्क्रम गाइडने एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी रिव्ह्यूला चार तास आणि रेट्रोला तीन तास ही कमाल मर्यादा दिली आहे आणि लहान स्प्रिंटसाठी वेळ साधारणपणे कमी असते असे म्हटले आहे. या दोन बैठका लागोपाठ, एकाच दिवशी घ्या, असे त्यात कुठेही नाही. आवश्यक आहे तो फक्त क्रम : आधी रिव्ह्यू, मग रेट्रो, आणि त्याबरोबर स्प्रिंटची सांगता.

शिवाय या बैठकींना येणारी माणसेही वेगळी असतात. रिव्ह्यूला सॅन फ्रान्सिस्कोतील स्टेकहोल्डर हवेत. रेट्रोला फक्त टीम, म्हणजे प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर धरून नऊ जण. रिव्ह्यूला जोडलेला पाहुणा 'मी नुसता ऐकतो' म्हणत रेट्रोत रेंगाळला, तर त्या रेट्रोत कुणी मनातले बोलत नाही. दिवसच वेगळा ठेवला, तर हा संकोचाचा प्रसंग येत नाही.

आता वार. शुक्रवार वगळावा. सॅन फ्रान्सिस्कोत शुक्रवारची सकाळ असते तेव्हा नागपुरात शुक्रवारची रात्र झालेली असते, आणि कुठलाही ठराव अमलात येण्याआधी दोन सुट्ट्या मध्ये पडतात. सोमवारही गैरसोयीचा आहे, कारण नागपूरच्या सोमवारचा संपूर्ण कामाचा दिवस सॅन फ्रान्सिस्कोच्या रविवार रात्र ते सोमवार पहाट या काळात जातो आणि तिथला डेव्हलपर शेवटच्या दुरुस्त्यांसाठी उपलब्ध नसतो. म्हणून स्प्रिंट गुरुवारी सुरू करून दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी संपवावा. मंगळवारी रिव्ह्यू, बुधवारी रेट्रो आणि गुरुवारी पुढील स्प्रिंटचे नियोजन, सर्व त्याच खिडकीत.

स्प्रिंटचा वार बदलायला अनेक टीम कां-कूं करतात, कारण अहवाल सोमवार ते शुक्रवार असे बसवलेले असतात. अहवाल एकदाच बदलावा लागेल. गैरसोय दर पंधरवड्याला होते.

तपासणी : तिन्ही शहरांत दोन्ही बैठकींचा वार एकच येतो का? एखाद्या शहरात तारीख पुढे सरकत असेल, तर निमंत्रणात त्या शहराचा वार स्वतंत्रपणे लिहावा.

## टप्पा ४ : बैठकीआधीच्या कामांना मुदती द्या

खिडकी लहान असल्यामुळे बैठकीत फक्त तेच करायचे, जे एकत्र बसल्याशिवाय होत नाही. बाकी सर्व आधी उरकायचे. सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून हा टप्पा सावकाश पाहू.

### रिव्ह्यूसाठी

पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचे तीन-चार मिनिटांचे चित्रण करून स्टेकहोल्डरना पाठवावे, म्हणजे बैठकीचा वेळ दाखवण्यात न जाता चर्चेत जातो. रिव्ह्यू ही कामाची बैठक आहे, तिला नुसत्या सादरीकरणाचे रूप येऊ देऊ नये, असे स्क्रम गाइडही म्हणते. प्रश्न येतो तो चित्रण कधी पाठवायचे याचा. बहुतेक टीम ते मंगळवारी दुपारी चारला पाठवतात आणि बैठकीला साडेतीन तास आहेत म्हणून निश्चिंत होतात. पण नागपुरात मंगळवारचे दुपारचे चार वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. ते चित्रण बैठकीआधी कुणीही पाहत नाही, आणि मग पहिली पंचवीस मिनिटे तेच पुन्हा दाखवण्यात जातात.

म्हणून चित्रण नागपूरच्या सोमवारी संध्याकाळी सातपूर्वी पोहोचले पाहिजे. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारचे सकाळचे साडेसहा होत असतात आणि स्टेकहोल्डरना अख्खा दिवस मिळतो. यावरून मागे मोजत जावे. सातला पाठवायचे, तर चित्रण चार ते सहा या वेळेत व्हावे. त्याआधी टेस्टरला किमान तीन तास हवेत. म्हणजे दाखवायच्या कामांचा कोड नागपूरच्या सोमवारी दुपारी एकपर्यंत मुख्य शाखेत मिळालेला असावा. त्या क्षणी सॅन फ्रान्सिस्कोत रविवार उलटून अर्धा तास झालेला असतो. तिथल्या डेव्हलपरची खरी मुदत म्हणून त्याच्या शुक्रवारच्या संध्याकाळची आहे, आणि ही गोष्ट त्याला स्प्रिंटच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवी. सोमवारपर्यंत पूर्ण न झालेली कामे बुधवारपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही. त्यांतली रिव्ह्यूआधी पूर्ण झालेली चित्रणाशिवाय दाखवावीत, पण मोजकीच.

चित्रणासोबत एक छोटा तक्ता पाठवावा आणि प्रत्येक स्टेकहोल्डरने आपले प्रश्न त्यात लिहावेत. ज्या कामावर एकही प्रश्न नाही, ते बैठकीत उघडायचेच नाही. प्रॉडक्ट ओनरने सोमवारच्या आपल्या दुपारी आठवण द्यावी. नागपूरहून गेलेली आठवण रात्रीच्या मेलच्या ढिगात दबते.

### रेट्रोसाठी

रेट्रोचे लेखन आधी आणि बोलणे नंतर, असा क्रम ठेवावा. शुक्रवारी सकाळी एक निनावी फॉर्म उघडावा, ज्यात तीनच प्रश्न असतील : कशामुळे काम अडले, कशामुळे सोपे गेले, आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये कोणती एक गोष्ट बदलावी. फॉर्म नागपूरच्या बुधवारी सकाळी अकराला बंद करावा. उन्हाळ्यात त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवारचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे रिव्ह्यूनंतरचा पूर्ण दिवस तिथल्या दोघांना मिळतो. फॉर्म मंगळवारी दुपारीच बंद केला, तर रिव्ह्यूत जे घडले त्याबद्दल कुणालाच काही लिहिता येत नाही, आणि रेट्रोतील निम्म्या तक्रारी तर तिथूनच निघतात.

फॉर्म बंद झाल्यावर बर्लिनमधील स्क्रम मास्टरने आपल्या सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सारखे मुद्दे एकत्र करून आठ-दहा ओळींची यादी बनवावी. मतदान आधी उरकण्याचा प्रयत्न करू नये. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा झोपलेले असते आणि सात मतांवरच निकाल लागतो. बैठकीची पहिली पाच मिनिटे मतदान, पुढची तीस मिनिटे पहिल्या दोन मुद्द्यांवर चर्चा आणि शेवटची दहा मिनिटे 'कोण, काय, कधीपर्यंत' हे लिहून घेण्यासाठी, असे पंचेचाळीस मिनिटांत रेट्रो होते.

सावधान : निनावी फॉर्ममध्ये 'शहर' हा रकाना ठेवू नये. बर्लिनमध्ये दोघेच आहेत. शहर कळले की माणूस कळतो.

## टप्पा ५ : कॅलेंडरवर नोंद करताना आधार कोणत्या शहराचा?

पुनरावृत्त होणाऱ्या नोंदीला एक कालक्षेत्र जोडलेले असते, आणि नोंद करणाऱ्याने वेगळे काही निवडले नाही, तर बहुधा त्याचेच कालक्षेत्र लागते. नागपुरातून `Asia/Kolkata` धरून साडेसातची नोंद केली, की नागपूरला वर्षभर साडेसात राहतात आणि सॅन फ्रान्सिस्कोला नोव्हेंबरपासून पहाटेचे सहा पडतात. `America/Los_Angeles` धरून सकाळी सातची केली, की त्यांचे सात कायम राहतात आणि नागपूरला साडेसातचे साडेआठ होतात.

माझे मत असे आहे, की ज्या शहराची सीमा खिडकीची सुरुवात ठरवते त्याचे कालक्षेत्र आधार धरावे, म्हणजे इथे सॅन फ्रान्सिस्को. पहाटेचे सहा त्यांच्या लाल तासांत येतात. नागपूरला साडेसातहून साडेआठवर सरकायला पिवळ्या तासांत जागा आहे. यात नागपूरवर अन्याय होतो, हे खरे. त्याचा हिशेब पुढच्या टप्प्यात करायचा आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालिका अनंत ठेवू नये. ती घड्याळ बदलण्याआधीच्या शेवटच्या बैठकीवर संपवावी. मंगळवार ५ मे २०२६ पासून सुरू होणारी रिव्ह्यूची मालिका २० ऑक्टोबरला संपते :

```
DTSTART;TZID=America/Los_Angeles:20260505T070000
RRULE:FREQ=WEEKLY;INTERVAL=2;BYDAY=TU;UNTIL=20261020T140000Z
```

`UNTIL` मधील वेळ यूटीसीत आहे : सॅन फ्रान्सिस्कोचे उन्हाळ्यातील सात म्हणजे यूटीसी १४:००. कॅलेंडरच्या पडद्यावर हे सगळे हाताने लिहावे लागत नाही. कालक्षेत्र निवडणे आणि मालिकेची अंतिम तारीख टाकणे, एवढेच करायचे असते. मालिका संपली, की कुणाला तरी नवीन करावीच लागते आणि हिवाळ्याचा विचार आपोआप होतो.

पुढची, म्हणजे ३ नोव्हेंबरची बैठक नागपुरात कधी येईल हे लिनक्सवर एका ओळीत तपासता येते :

```
TZ="Asia/Kolkata" date -d 'TZ="America/Los_Angeles" 2026-11-03 07:00'
```

उत्तर रात्री साडेआठ असे येते. मॅकवरील `date` ही आज्ञा वेगळ्या रीतीने चालते, तिथे ही ओळ चालणार नाही.

तपासणी : निमंत्रण पाठवल्यावर तिन्ही शहरांतील एकेका व्यक्तीकडून मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांतील नोंदीचे छायाचित्र मागवावे. ज्याच्या लॅपटॉपचे कालक्षेत्र प्रवासानंतर चुकीचे राहिले आहे, तो इथेच सापडतो.

मालिका तयार झाल्यावर तिच्या तारखा तिन्ही शहरांच्या सुट्ट्यांशी ताडून पाहाव्यात. वरच्या मालिकेची शेवटची तारीख, २० ऑक्टोबर २०२६, दसऱ्याची आहे. दसरा असल्याने सुट्टी तर आहेच, पण नागपुरात त्याच काळात धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो आणि त्या परिसरातून गाडी काढणे दुरापास्त होते. हे बर्लिनला कोण सांगणार? ती रिव्ह्यू बुधवार २१ ला आणि रेट्रो गुरुवार २२ ला घ्यावी, नियोजन त्या एका खेपेपुरते शुक्रवारी जाऊ द्यावे; चित्रणाची मुदत मात्र सोमवार १९ चीच ठेवावी. तान्हा पोळा आणि मारबतीचा दिवसही नागपूरच्या यादीत हाताने टाकावा, कारण तो जगातल्या कोणत्याही तयार कॅलेंडरमध्ये सहसा नसतो. बर्लिनच्या बाजूने ८ मार्च ही तिथली सार्वजनिक सुट्टी आहे, ती जर्मनीच्या सर्वसाधारण यादीत दिसेलच असे नाही.

## टप्पा ६ : हिवाळ्याची अर्ध्या तासाची खिडकी

३ नोव्हेंबर २०२६ पासून ९ मार्च २०२७ पर्यंतच्या स्प्रिंटसाठी नवीन मांडणी करावी लागते. अर्ध्या तासात दोन्हींपैकी एकच बैठक बसते, आणि ती रिव्ह्यू असावी, असे मला वाटते. चित्रण आणि लेखी प्रश्न वेळेवर आले असतील, तर नागपूर साडेआठ ते नऊ, बर्लिन चार ते साडेचार आणि सॅन फ्रान्सिस्को सात ते साडेसात एवढ्यात रिव्ह्यू उरकते. एखाद्या स्प्रिंटमध्ये मोठे काम दाखवायचे असेल, तर प्रॉडक्ट ओनर सोमवारीच त्यांच्या दिवसात स्टेकहोल्डरांशी वेगळे बोलून घेऊ शकतात.

रेट्रो मात्र अर्ध्या तासात कोंबू नये. तिथे माणसे अवघडलेली असतात, पहिली दहा मिनिटे नुसती सैल होण्यात जातात. रेट्रोसाठी एक तास घ्यावा आणि खिडकीबाहेरचा अर्धा तास आळीपाळीने वाटावा. एका स्प्रिंटला नागपूर आठ ते नऊ, बर्लिन साडेतीन ते साडेचार आणि सॅन फ्रान्सिस्को साडेसहा ते साडेसात; पुढच्या स्प्रिंटला नागपूर साडेआठ ते साडेनऊ, बर्लिन चार ते पाच आणि सॅन फ्रान्सिस्को सात ते आठ. कॅलेंडरवर ही एक मालिका होत नाही. दर चार आठवड्यांच्या दोन स्वतंत्र मालिका कराव्यात आणि त्यांना वेगळी नावे द्यावीत, म्हणजे आज पाळी कुणाची हे नावावरूनच कळते.

हिवाळी मालिकेतही दोन तारखा आधीच अडतात. २९ डिसेंबरला बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्को सुट्टीवर असतात, आणि २६ जानेवारी २०२७ हा मंगळवार आहे. पहिली बैठक सरळ रद्द करून तो स्प्रिंट एका आठवड्याचा किंवा तीन आठवड्यांचा करावा, दुसरी दसऱ्याप्रमाणे एक दिवस पुढे न्यावी.

### हिशेबाची वही

कोण किती वेळ आपल्या हिरव्या तासांबाहेर बसले, याची मिनिटांत नोंद ठेवावी. नागपूरच्या रकान्यात बैठकीची मिनिटे लिहून भागत नाही; साडेसहाला काम संपते आणि बैठक साडेआठला असते, तर मधले दोन तासही अडकलेलेच असतात. दुसऱ्या दिवशी त्या टीमला उशिरा यायची मुभा द्यावी, आणि ती 'हवे तर या उशिरा' अशी मोघम नसावी. दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या आधी कुणाचीही बैठक लावायची नाही, असा स्पष्ट नियम असावा.

वही लिहायला घेतली, की एक गोष्ट लगेच दिसते : बर्लिनच्या रकान्यात कायम शून्य असते. ते मध्यभागी आहेत, त्यांच्यासाठी बैठक नेहमी दुपारच्या चहाच्या वेळीच येते. घड्याळ कितीही फिरवले, तरी हे समान होत नाही. पहाटे पाचला बर्लिनला उठवून कुणाचेही भले होणार नाही. म्हणून त्यांच्याकडून वेळेऐवजी काम घ्यावे. फॉर्मचे संकलन, बैठकीचे संचालन, इतिवृत्त आणि ठरलेल्या कामांचा पाठपुरावा ही चारही कामे बर्लिनच्या दोघांकडे असावीत, आणि नागपूरकरांनी नऊ वाजता लॅपटॉप बंद केला की त्यांचे काम संपलेले असावे.

## टप्पा ७ : तीन स्प्रिंटनंतर काय पाहावे

वेळ चुकली आहे हे लोक तोंडाने सांगत नाहीत. ते इतर खुणांवरून ओळखावे लागते.

पहिली खूण रेट्रोच्या इतिवृत्तात सापडते. ठरलेल्या कामांपैकी किती मूळ मुद्दे नागपूरच्या माणसांनी बैठकीत बोलून दाखवले, ते मोजावे. फॉर्ममध्ये भरपूर मुद्दे येतात आणि बैठकीत नागपूर गप्प असते, असे दिसले, तर वेळ उशिराची होते आहे, किंवा घरी शांत जागा मिळत नाही. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून स्क्रम मास्टरने प्रत्येकाला एकट्याने विचारावे. 'दादा, घरी सगळे जेवायला बसतात त्याच वेळी कॉल येतो' एवढेच कारण असू शकते, आणि मग बैठक अर्धा तास सरकवल्याने प्रश्न सुटतो.

दुसरी खूण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतील स्टेकहोल्डरांची हजेरी. सकाळी सातला तीन वेळा लागोपाठ एकच माणूस येत असेल, तर बाकीच्यांना रिव्ह्यूत बोलावण्याचा हट्ट सोडावा. प्रॉडक्ट ओनरने त्यांचे अभिप्राय सोमवारी गोळा करून मंगळवारी मांडावेत.

तिसरी खूण सर्वांत सोपी आहे : बैठक ठरलेल्या वेळेपेक्षा किती लांबते. हिवाळ्यात साडेनऊला संपणारी रेट्रो दोनदा पावणेदहापर्यंत गेली, तर मुद्दे दोनऐवजी एक करावा. वेळ वाढवू नये.

या तिन्ही खुणा पाहून बदल करायचा असेल, तर तो स्प्रिंटच्या मध्ये करू नये. टप्पा १ मधील तासांची माहिती पुन्हा मागवावी, कारण एव्हाना कुणाचे मूल शाळेत जाऊ लागलेले असते, कुणी घर बदललेले असते. आणि नवीन वेळ पुढच्या स्प्रिंटच्या पहिल्या गुरुवारपासून लागू करावी. मार्च २०२७ मधील उन्हाळी मालिका २३ मार्चपासून सुरू करता येईल. त्या पहिल्या बैठकीला बर्लिनमध्ये दुपारचे तीन असतील, ६ एप्रिलपासून चार. हे निमंत्रणाच्या पहिल्या ओळीतच लिहावे.